मोठी बोट दुपारपर्यंतच

ताई एका मोठ्या रुग्णालयाच्या कपड्यांच्या खोलीची प्रमुख होती. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटांचे गाऊन आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे तिच्या खिडकीतून बाहेर जात आणि तिच्याच खिडकीतून परत येत. धुऊन आलेली चादर ती आधी नाकाशी धरायची, मग उजेडात धरायची. कापड विरलं असेल तर उजेड चाळणीतून आल्यासारखा दिसतो. एकदा धुलाईच्या ठेकेदाराने चांगल्या चादरी ठेवून घेऊन त्यांच्या जागी जुन्याच पाठवल्या होत्या. त्यांवर रुग्णालयाचा शिक्काही मारून घेतला होता. ताईने गठ्ठ्यातली पहिलीच चादर उचलली आणि म्हणाली, "कापड म्हातारं आणि शिक्का तरणा, हे कसं काय?" त्याच महिन्यात ठेकेदाराचा ठेका गेला. तेव्हापासून रुग्णालयात तिचा दरारा वाढला आणि तिचा संशयी स्वभावही वाढला. आपल्याला वास येतो म्हणजे कुठेतरी काहीतरी कुजतंय, याबद्दल तिला पुढे कधी शंका राहिली नाही.

घरी धाकटा भाऊ तिला पाठीमागे 'चौकशी खिडकी' म्हणायचा. कधीकधी तोंडावरही म्हणायचा, पण त्यासाठी आधी दारापर्यंतचं अंतर बघून घ्यायचा.

ताईने लग्न केलं नव्हतं. ती, तिची आई, धाकटा, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं असे सगळे एकाच घरात, दुसऱ्या मजल्यावर राहत. पुतणी नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. पुतण्या अजून बालवाडीत होता. रडायला लागला की तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू जायचं, म्हणून त्याला सगळे 'भोंगा' म्हणत.

वर्षातून एकदा हे घर एका दिवसाच्या सहलीला जायचं. सहल ठरवायची ती ताईनेच. तिचे नियम ठरलेले होते. जाताना भोंग्याला उलटी व्हायच्या आत पोचता आलं पाहिजे. वाटेत एक तरी स्वच्छ शौचालय हवं. झाडाची सावली दुपारी कुठे सरकते ते आधी माहीत हवं, नाहीतर जेवायच्या वेळी सतरंजी ओढत फिरावं लागतं. पोरांना धावायला मोकळी जागा, पुतणीला फोटो काढायला काहीतरी, धाकट्याला झोपायला एक कोपरा. आणि अंधार पडायच्या आत घरी. आजवर तिच्या सहलीत कुणी हरवलं नव्हतं, कुणी उपाशी राहिलं नव्हतं, कुणी भिजलंही नव्हतं. मजा आली का, असं मात्र तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. तो प्रश्न तिच्या खिडकीत बसत नव्हता.

त्या वर्षी जेवताना तिने विषय काढला. "टेकडीवरच्या बागेत जाऊ. जवळ आहे, झाडं जुनी आहेत."

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायकोने ताटाकडे बघितलं. मग धाकटा म्हणाला, "ताई, या वेळी ठिकाण आम्ही ठरवलंय. तलावाकाठच्या बागेत जाऊ."

"तलाव? तो केवढा लांब! आणि कधी ठरलं हे?"

"ठरलं असंच. तू दरवर्षी करतेस. या वेळी तू आराम कर."

आयुष्यात कुणी आपल्याला आपण होऊन आराम कर म्हणालं, की ताईच्या अंगावर काटा यायचा. तिने आईकडे पाहिलं. आई दरवर्षी म्हणायची, "मला कशाला नेता? मी आपली घरी बरी." या वेळी ती तसं म्हणाली नाही. भाताचा घास सावकाश चावत राहिली. वर म्हणाली, "जाऊ या की तलावावर. काय हरकत आहे?"

ताईने हात धुतले, पण तिचं डोकं चालू झालं होतं.

पुढच्या आठवड्यात एकेक गोष्ट तिच्या नजरेत येत गेली. आईच्या पलंगाखाली नवे कापडी बूट दिसले, मऊ तळव्यांचे, बाजूला चिकटपट्टी असलेले. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून पडल्यापासून, वर्षाची ती एक सहल सोडली तर, आई घराबाहेर अशी पडतच नव्हती. मग बूट कशाला? "सूनबाईने आणले," एवढंच आई म्हणाली आणि कूस बदलून झोपल्याचं सोंग केलं. आईचं सोंग ताई लहानपणापासून ओळखत होती.

मग भावजयीच्या पर्समधून आईच्या ओळखपत्राची प्रत डोकावताना दिसली. ताईने पर्स उघडली नव्हती, तेवढी ती खालच्या थराला गेली नव्हती. पर्सच अर्धी उघडी होती. पण म्हाताऱ्या माणसाचं ओळखपत्र कोण कशाला घेऊन फिरेल? घर कुणाच्या नावावर आहे, हा विचार तिच्या मनात आला. तिने तो झटकला, पण तो गेला नाही.

त्यानंतर कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने आणखी भर घातली. आईच्या गोळ्या पुडीत बांधता बांधता तो म्हणाला, "डॉक्टर खूश आहेत हं तुमच्या आईंवर. बाहेर न्यायला काहीच हरकत नाही म्हणाले. सूनबाई घेऊन आल्या होत्या ना परवा."

"कुठे बाहेर न्यायला?"

"ते मला काय माहीत, ताई? मी गोळ्या देणारा माणूस."

तो दिवस ताईच्या कामाचा होता. म्हणजे ती घरी नसताना भावजय आईला डॉक्टरकडे नेऊन आली होती आणि घरात कुणी त्याचा उल्लेखही केला नव्हता. ताईने गोळ्या पिशवीत टाकल्या आणि सुटे पैसे घ्यायचे विसरून निघून आली. दुकानदाराला ते पैसे मागाहून धाकट्याच्या हाती पाठवावे लागले.

खरा घाव शनिवारी बसला. ताई जिन्यात चपला काढत होती. स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडे उघडते. आत भावजय फोनवर बोलत होती.

"एकट्याने चढता येत नाही त्यांना... उतार आहे ना? पायऱ्या नकोत... चाकांची खुर्ची तुमच्याकडची मिळेल? ओळखपत्र आणते मी... आणि दुपारी आडवं व्हायला खोली? बरं... डॉक्टर जवळ असतात का?"

फोन ठेवल्याचा आवाज झाला. मग धाकट्याचा दबका आवाज आला, "काय म्हणाले?"

"सगळी सोय आहे. आई तयारच आहेत. फक्त ताईंना आत्ता काही बोलू नका. त्या मोडता घालतील."

ताईने काढलेल्या चपला पुन्हा घातल्या आणि खाली उतरून चौकात जाऊन उभी राहिली. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी चादरींचा गठ्ठा मोजताना तिचं दोनदा चुकलं. बायकांच्या वॉर्डातली वयस्कर सिस्टर खिडकीशी उभी होती. तिने विचारलं, "ताई, बरं नाही का?" ताईने उगाच म्हणावं तसं म्हटलं, "रविवारी तलावाकडे सहलीला जायचंय. तिकडे काय आहे हो?"

"छान आहे. बाग आहे, बोटी आहेत," सिस्टर म्हणाली. "आणि तलावाच्या जरा अलीकडे तो वृद्धाश्रम आहे ना, पिवळ्या भिंतीचा? माझी मावशी तिथेच होती शेवटची दोन वर्षं. सोय चांगली असते. उतार केलेत सगळीकडे, चाकांच्या खुर्च्या आहेत, डॉक्टर येतात."

ताईच्या हातातली चादर घडी मोडून खाली पडली.

आता सगळं जुळत होतं. बूट, ओळखपत्र, डॉक्टर, उतार, खोली. सहल हे निमित्त. जाता जाता सहज थांबू, म्हणतील. आईला चहा पाजतील, खोली दाखवतील, आई, इथे हवा किती छान, म्हणतील. आणि आई भोळेपणाने 'काय हरकत आहे' म्हणेल. म्हणालीच होती की जेवताना!

भांडण करण्याआधी पुरावा हवा, हे ताईला ठेकेदाराच्या वेळेपासून माहीत होतं. तिने बुधवारी रजा टाकली. घरी कामावर जाते असं सांगितलं आणि डबा घेऊन तलावाकडे जाणारी सकाळची पहिली बस धरली.

पिवळ्या भिंतीची इमारत रस्त्यालगतच होती. आत व्यवस्थापक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, समोर चहाचा थंड झालेला कप.

"खोली बघायची आहे," ताई म्हणाली.

"कुणासाठी?"

"आईसाठी."

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ताईला ती नजर ओळखीची वाटली. ती स्वतः चादरीकडे अशीच बघायची. "आईंना कल्पना आहे का तुम्ही इथे आलात याची?"

"नाही."

"हं," बाई म्हणाल्या. त्या एका 'हं'मध्ये सगळं होतं. "बहुतेक मुली अशाच येतात, एकट्या. तुमचा फोन नंबर सांगा आणि घरातल्या आणखी एका माणसाचा. त्याशिवाय आम्ही आत नेत नाही."

ताईने आपला नंबर सांगितला आणि मग मुद्दामच धाकट्याचा सांगितला, एकेक आकडा सावकाश उच्चारत. तो नंबर बाईंना आधीच माहीत असेल तर चेहऱ्यावर कळेल, असा तिचा हिशेब होता. बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी नंबर टिपून घेतला.

"याच घरातून आधी कुणी चौकशी केली होती का? एक जोडपं? किंवा फोन?"

"एका घरातल्या माणसाची गोष्ट आम्ही दुसऱ्याला सांगत नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन लागतोय तोवर तुम्ही आला होतात हेही आम्ही कुणाला सांगणार नाही. निर्धास्त असा."

खोली स्वच्छ होती. ताईने सवयीने चादरीचं टोक उजेडात धरून बघितलं. चादर चांगली होती, त्यामुळे तिला अधिकच वाईट वाटलं.

निकाल काही लागला नव्हता. आता इथवर आलोच आहोत तर ती बागही बघावी, खरंच बाग आहे की तीही थापच, म्हणून ती पुढे चालत गेली. बाग होती. फाटकाशी चाकांच्या खुर्च्यांची रांग होती आणि वर पाटी होती: ओळखपत्र ठेवून खुर्ची न्यावी. ताई त्या पाटीसमोर थांबली. तिने ती दोनदा वाचली. आत गेल्यावर डाव्या हाताला एक विश्रांतीची खोली होती, पंखा आणि तीन खाटा असलेली. तिच्या शेजारी प्रथमोपचाराचं लाल चिन्ह. शौचालयाला पायऱ्या नव्हत्या, उतार होता.

जिन्यात ऐकलेलं सगळं ताईने बोटांवर मोजलं, आणि ते सगळं इथेच होतं.

ती धक्क्यावर गेली. तिथे एक नावाडी दोरखंडाचं वेटोळं करत बसला होता. दोन प्रकारच्या बोटी होत्या. पायाने चालवायच्या लहान आणि एक मोठी, सपाट तळाची, चारी बाजूंनी कठडा असलेली.

"या मोठ्या बोटीत म्हातारं माणूस बसतं का?" ताईने विचारलं.

नावाड्याने मान वर केली. "तुम्हीच का फोनवाल्या बाई? सासूबाईंना बोटीत बसवायचंय त्या? ऑफिसातले सांगत होते. रोज काहीतरी नवीन विचारतात म्हणे. कठडा किती उंच, जॅकेट जाड माणसाला बसतं का, खुर्ची चढते का."

"मी त्यांची नणंद," ताई म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"मग सांगा त्यांना, काळजी नको. फळी टाकतो, खुर्ची सरळ आत. चाकं अडकवायला खोबणी आहे. जॅकेट सगळ्यांना घालावंच लागतं आणि खुर्चीशेजारी एक माणूस सोबत हवं. कधी येताय?"

"रविवारी. दुपारी पोचायचं, जेवायचं, एवढं घरात ठरलंय. आईची झोप झाली की संध्याकाळी बोट, असंच असणार."

नावाड्याने दोरखंड बाजूला ठेवला. "संध्याकाळी नाही जमायचं."

"पाटीवर तर पाचपर्यंत लिहिलंय."

"ते लहान बोटींचं. हल्लीच्या दिवसांत दुपार झाली की पलीकडून वारा सुटतो. लाटा मोठ्या नसतात, पण बोट धक्क्याला आपटत राहते. धडधाकट माणूस उडी मारून चढेल, खुर्ची नाही चढवता येत. जेवणाच्या वेळेला मी मोठी बोट बांधून टाकतो. ऑफिसात बसणाऱ्यांना विचारलं तर पाटी वाचून सांगतात."

खरंच, ताई तिथे डबा खात असतानाच वारा सुटला. तिने सकाळचं शांत पाणी बघितलं होतं. आता ते सुरकुतलं, आणि मोठी बोट धक्क्यावर ठक्‌ ठक्‌ करू लागली.

परतीच्या बसमध्ये ताईला सुटका झाल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. वृद्धाश्रमाचा संशय गेला, पण त्याच्या जागी दुसरा आला. मला का नाही सांगितलं? सगळे मिळून माझ्यापासून काय लपवत होते, तर आईची बोट? आणि मग एक विचार आला, अगदी साळसूद. आपण काही बोललोच नाही तर? रविवारी संध्याकाळी ते सगळे धक्क्यावर जातील, बोट बांधलेली असेल, आई हिरमुसली होऊन परत येईल, पण सुखरूप परत येईल. कुणी आपल्याला दोष देणार नाही. तुम्हीच ठरवलंत ना, आता भोगा. आईचा पाय पाण्यावर डगमगणार नाही.

गुरुवारचा दिवस तिने तोंड मिटून काढला.

शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा दिवाणखान्यात सगळे बसलेले होते आणि कुणीच बोलत नव्हतं. भोंगासुद्धा. धाकट्याचा चेहरा लाल झाला होता.

"ताई, बस," तो म्हणाला. "बुधवारी कुठे होतीस?"

"कामावर."

"खोटं बोलू नकोस. मला आत्ता फोन आला होता, पिवळ्या भिंतीच्या वृद्धाश्रमातून. तुझा फोन लागेना म्हणे. तुमच्याकडच्या बाई खोली बघून गेल्या, ती खोली रविवारपर्यंत राखून ठेवू का, असं तिथल्या बाई विचारत होत्या." त्याचा आवाज फुटला. "आईला तिथे ठेवणार होतीस? आम्हाला न विचारता?"

"मी?" ताई उभीच राहिली. "मी ठेवणार होते? तुम्ही ठेवणार होतात!"

"आम्ही?" भावजय किंचाळली.

"बूट कुणी आणले? ओळखपत्र कुणी घेतलं? माझ्या पाठीमागे डॉक्टरकडे कोण गेलं? उतार आहे का, खोली आहे का, डॉक्टर आहेत का, मी माझ्या कानाने ऐकलंय. ताईंना सांगू नका, हेही ऐकलंय!"

भावजयीचा रंगच उडाला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही मला... मी आईंना तिथे नेऊन टाकणार, असं वाटलं तुम्हाला माझ्याबद्दल?"

धाकटा काहीतरी ओरडायला लागला, पुतणी त्याला आवरायला लागली, आणि भोंग्याने शेवटी भोंगा सुरू केला. त्या सगळ्या गोंधळात काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला.

"गप्प बसा सगळे," आई म्हणाली. ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पायात नवे बूट. घरात घालून सराव करत असावी. "मला कुठे ठेवायचं यावर भांडताय. मला कुठे जायचंय ते कुणी विचारलंय का? सूनबाईने विचारलं. एकटीने. म्हणाली, आई, सहलीत तुम्हाला काय करायचंय? चाळीस वर्षं सहलीला येते मी, आणि हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला."

"आई, तुला सावलीत बसायला मी नेहमी..." ताईने सुरुवात केली.

"सावलीत बसायला, हो. पिशव्या राखायला. चपला राखायला. पोरं पाण्यात जातात, मी टॉवेल घेऊन उभी. पोरं झोक्यावर, मी चष्मे सांभाळते. प्रत्येक सहलीचे माझ्याकडे फोटो आहेत आणि सगळ्यांत माझ्या मांडीवर दुसऱ्याचं सामान आहे. मला बोटीत बसायचंय. आणि तुला सांगू नका असं मीच सांगितलं होतं. सूनबाईने नाही, मी."

"का?"

"कारण तू नाही म्हणाली असतीस. पडल्यापासून तू मला घडी घालून कपाटात ठेवलंयस. वास येत नाही ना, विरली नाही ना, एवढंच बघतेस."

ताईने ओठ दाबून धरले. तिला रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मग ती खुर्चीवर बसली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "संध्याकाळी बोट नसते."

"बघितलंत?" भावजय म्हणाली. "मोडता."

"मोडता नाही. मी धक्क्यावर उभी राहून बघून आले. दुपारी वारा सुटतो. लहान बोटी चालतात, खुर्ची चढवायची मोठी बोट बांधून ठेवतात."

"मी ऑफिसला तीनदा विचारलंय. पाचपर्यंत असते."

"ऑफिसवाला पाटी वाचतो. मी नावाड्याशी बोलले."

भावजयीने धाकट्याकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांत अविश्वास स्पष्ट होता. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीत खोट काढणाऱ्या बाईने अगदी ऐन वेळी खोट काढावी आणि तीही नेमकी बोटीतच, हे त्यांच्या गळी कसं उतरणार? आज संशयित ती होती, आणि तिच्याकडे कसलाही पुरावा नव्हता.

"बरं, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ताई म्हणाली. "पण बोट आधी घेतली तर तुमचं काय बिघडतं? नाश्ता घरी करायचा तो तिथे करू. ब्रेड, उकडलेली अंडी, फळं, थर्मासमध्ये चहा. भोंग्याला झोपेतच उचलून गाडीत घालू. तो रिकाम्या पोटी झोपलेला असला की त्याला उलटी होत नाही. बोट झाली की मग मुलांचं खेळणं, मग जेवण. आईची झोप त्या पंख्याच्या खोलीत. दुपारचं ऊन कलल्यावर तुम्ही दोघं आणि ही पोर लहान बोटीने जा. उशीर होणार नाही, उलट लवकर घरी येऊ. मी खोटी ठरले तर संध्याकाळी आईला पुन्हा बसवा बोटीत."

भावजय पुढे सरकून बसली. "तुम्ही मोठी बोट खरंच बघितलीत? कठडा कुठपर्यंत येतो?"

ताईने हात कमरेच्या वर नेऊन दाखवला. "खुर्चीत बसलं तर खांद्यापर्यंत. आणि चाकांना खोबणी आहे. मी हाताने चाचपून बघितली."

"ते फोनवर कुणी सांगितलं नव्हतं," भावजय हळूच म्हणाली. मग उठली. "अंडी आज आणून ठेवते."

ताईवरचा राग मात्र भावजयीने जपून ठेवला. शनिवारभर ती ताईशी कामापुरतंच बोलली.

रविवारी उजाडताच निघाले. तलावाचं पाणी काचेसारखं होतं. नावाड्याने फळी टाकली, खुर्ची आत सरकवली. ताईने आईच्या जॅकेटचा पट्टा ओढून बघितला, मग पुन्हा ओढून बघितला, मग नावाड्याला त्याच्या स्वतःच्या जॅकेटबद्दल विचारलं. तो हसला, पण त्याने घातलं.

"खुर्चीशेजारी कोण बसणार?" त्याने विचारलं.

ताईने पाऊल पुढे टाकलं होतं. आईने मान वळवून सुनेकडे बोट केलं. "ही."

मग पुतणी चढली, धाकटा भोंग्याला घेऊन चढला. सतरंजी काठावर पसरलेली होती. तिच्यावर पिशव्या, थर्मास, चपलांचे जोड, धाकट्याचा चष्मा, पुतणीचा फोन. कुणीतरी थांबायला हवं होतं. ताई बसली.

बोट लांब गेली. ताईने सामान एकत्र केलं. शेजारून दोन अनोळखी माणसं गेली, तिने पिशवी जवळ ओढली. सतरंजीचं एक टोक उन्हात आलं होतं, ते दुमडलं. लांबून हसण्याचा आवाज येत होता. कोण हसतंय ते कळत नव्हतं, आणि इतक्या लांबून आईचा चेहरा दिसत नव्हता. तिने मांडीवर धाकट्याचा चष्मा ठेवला होता. तो काढून खाली ठेवावा असं तिला वाटलं, पण काचेला ओरखडे पडतील म्हणून तिने तो तसाच ठेवला. बोट तलावाच्या वळणाआड गेली तेव्हा ताई उभी राहिली, आणि ती परत दिसेपर्यंत बसली नाही.

आई उतरली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि हात ओले होते. कठड्याच्या फटीतून तिने पाण्याला हात लावला होता म्हणे.

"पुन्हा," ती म्हणाली.

नावाड्याने तिला आणखी एक फेरी दिली. त्या वेळी आईने कुणाला निवडलं नाही. धाकटा भुकेने मेला होता, म्हणून तो सतरंजीवर राहिला आणि ताई गेली. ती सगळा वेळ खुर्चीचा दांडा घट्ट धरून होती, म्हणून तिला तलाव फारसा दिसलाच नाही.

त्या दिवशी वारा लवकरच, अंडी सोलून होईपर्यंतच सुटला. नावाडी मोठी बोट बांधायला लागला. फाटकातून नुकतंच एक कुटुंब आलं होतं. त्यांच्यातले आजोबा धक्क्यावर उभे राहून पाटीकडे काठी रोखून तावातावाने बोलत होते. भावजयीने ते बघितलं, मग अंड्यावर मीठ टाकून ते ताईपुढे धरलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिने आपण होऊन काही दिलं होतं.

"ताई," ती म्हणाली, "त्या फोनबद्दल तुम्ही मला सरळ विचारायला हवं होतंत."

"हो," ताई म्हणाली.

"मला अजून वाईट वाटतंय."

"वाटणारच."

एवढंच त्या बोलल्या. नंतर भोंगा कारंज्यात भिजला, पुतणीने शंभर फोटो काढले, आई पंख्याखाली घोरली. उजेड असतानाच ते परतीला लागले.

त्या दोघींचं जमायला पुढे बरेच महिने लागले. ताईचा संशय काही सुटला नाही. भावजयीचे फोन ती जिन्यात उभी राहून ऐकत असे, फक्त आता खोकून ऐकत असे. पण पुढच्या वर्षीच्या सहलीच्या आधी भावजय फोन करून सगळी चौकशी करायला बसली, आणि शेवटी फोन ठेवून म्हणाली, "ताई, तिथले लोक म्हणतात की झाडं भरपूर आहेत. एकदा जाऊन बघून येता का?"

ताई डबा भरायला उठली. "तूही चल," ती म्हणाली. "आणि आईला विचार, तिला तिथे काय करायचंय."